अध्यक्षपद नाकारायचं भाषण : वार्षिक सभेत ‘नाही’ कसं म्हणावं

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंडळाच्या वार्षिक सभेत माझं नाव अध्यक्षपदासाठी सुचवलं गेलं. मला ते नको होतं. मी उठलो आणि म्हणालो, “मी फार लहान माणूस आहे, एवढ्या मोठ्या पदाला मी न्याय देऊ शकेन असं वाटत नाही, तरी तुम्ही एवढं प्रेम दाखवलंत...” पुढचं वाक्य टाळ्यांत बुडालं. कुणीतरी “हाच खरा मोठेपणा!” असं ओरडलं, कार्यवाहांनी “बिनविरोध” असं लिहून घेतलं आणि पुढची तीन वर्षं मी सभागृहांच्या तारखा मिळवत फिरलो.

दोष सभासदांचा नव्हता. आपल्याकडे पंगतीत पहिल्या “नको”ला कुणी वाढायचं थांबत नाही, आणि सभेतही थांबत नाही. आपण नम्रपणे नाकारतो ते ऐकणाऱ्याला होकाराआधीची प्रस्तावना वाटते. पुढे एका नाट्य-संगीत मंडळात कार्यवाह म्हणून काम करताना अशी बरीच भाषणं ऐकली आणि इतिवृत्तात लिहिलीही. त्या अनुभवावरून, पहिल्यांदाच अशा प्रसंगात सापडणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरण आमच्याच मंडळाच्या खजिनदार ताईंचं घेतो. नाव देत नाही, पण नाशिकच्या इंदिरानगर भागातले काही जण ओळखतीलच.

आधी मंडळाची घटना वाचा

भाषण लिहायला बसण्याआधी कार्यवाहांकडून मंडळाच्या घटनेची प्रत मागून घ्या आणि निवडणुकीचं कलम वाचा. शोधायची गोष्ट एकच : नाव कसं सुचवलं जातं आणि ते मागे घेण्याची वेळ कुठपर्यंत आहे.

मोठ्या संस्थांत नामनिर्देशनाचा छापील अर्ज असतो. त्यावर सूचक, अनुमोदक आणि खुद्द उमेदवाराची सही लागते, आणि माघारीची तारीखही ठरलेली असते. आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४० पासूनच्या संस्थेची निवडणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा थाट माहीत आहे. तिथे भाषणाला काही अर्थ नसतो. नाही म्हणायचं तर अर्जावर सही करायची नाही. केली असेल, तर मुदतीच्या आत निवडणूक अधिकाऱ्यांना माघारीचं पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. मुदत उलटली की तुमचं नाव मतपत्रिकेवर राहतं, मग सभेत तुम्ही कितीही गहिवरून बोला.

बहुतेक छोट्या मंडळांत मात्र सगळं तोंडी चालतं. सभेत एक जण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, सभेचे अध्यक्ष “आणखी कुणाचं नाव?” असं विचारतात आणि नाव एकच असेल तर निवड जाहीर होते. यात तुमच्या हातात असलेली वेळ फार थोडी आहे : अनुमोदन झाल्यापासून निवड जाहीर होईपर्यंत. माझ्या घड्याळाप्रमाणे अर्धा मिनिट, टाळ्या धरून. त्या वेळात तुम्ही उभे राहिलात तर ते नाव मागे घेणं. निवड जाहीर झाल्यावर उठलात तर तो राजीनामा, आणि राजीनाम्याचं काम वेगळं आहे.

हा फरक कागदावर त्रास देतो. आपल्याकडची बरीचशी सांस्कृतिक मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात. पदाधिकारी बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. त्याला सभेचं इतिवृत्त आणि नव्या माणसांची संमतीपत्रं जोडायची असतात. इतिवृत्तात “निवड झाली” असं लिहिलं गेलं आणि तुम्ही संमती द्यायला तयार नाही, तर बिचाऱ्या कार्यवाहाला तुमचा लेखी राजीनामा, नवी सभा आणि नवा ठराव असं सगळं पुन्हा करावं लागतं. मी ते केलं आहे. कुणाला करायला लावू नका.

आणखी एक. काही मंडळांत वार्षिक सभा फक्त कार्यकारिणी निवडते आणि अध्यक्ष कोण हे कार्यकारिणी आपल्यात ठरवते. तुमच्याकडे तसं असेल तर भाषणात स्पष्ट सांगावं लागेल की तुम्ही कार्यकारिणीतही नाही, की फक्त अध्यक्षपदाला नाही. हे मोघम राहिलं तर आठवड्यानं कार्यकारिणीच्या बैठकीत तुमचं नाव पुन्हा निघतं.

सभेआधी कुणाला सांगायचं

सूचनापत्र आलं की दोन-तीन दिवसांत तीन माणसांना भेटून किंवा फोनवर सांगा : मावळते अध्यक्ष, कार्यवाह आणि तुमचं नाव सुचवण्याची शक्यता असलेली व्यक्ती. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे टाकलं की लगेच हात जोडलेली चित्रं आणि “असं म्हणू नका” सुरू होतं, आणि सभेत पोचेपर्यंत तुमचा नकार शिळा झालेला असतो.

आधी सांगायचं ते केवळ रीत म्हणून नाही. दुसरं नाव तयार नसेल तर सभेत तुमच्या नकारानंतर पोकळी राहते, आणि ती भरायला लोक पुन्हा तुमच्याकडेच वळतात. कार्यवाहांना आठ-दहा दिवस मिळाले तर ते दोघा-तिघांशी बोलून ठेवतात. मात्र ते काम त्यांचं आहे. तुम्ही स्वतः उत्तराधिकारी शोधायला निघालात तर “स्वतः नाही म्हणून आपला माणूस बसवतायत” ही कुजबुज ठरलेली. मंडळात दोन गट असतील तर ती कुजबुज राहत नाही, उघडच बोललं जातं.

ताईंनी हे बरोबर केलं. गणपती झाल्यावरच्या आठवड्यात त्या माझ्या घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, “माझं नाव काढणार आहेत असं ऐकते. मी होणार नाही. हिशेब मात्र बघीन.” मी त्यांना विचारलं की सुचवायच्या आधीच नाव थांबवू का. त्यांनी नको म्हटलं. सुचवणाऱ्यांना त्यांनी फोन केला होता, पण ते ज्येष्ठ सभासद ऐकणाऱ्यांतले नव्हते. “मी सुचवणार, नाकारायचं तर सगळ्यांसमोर नाकारा,” असं ते म्हणाले. म्हणून भाषण लिहावं लागलं.

भाषण

सप्टेंबरातला रविवार होता. एकशे चाळीस सभासदांपैकी सेहेचाळीस जण आले होते. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं, हिशेब मंजूर झाले, आणि निवडणुकीच्या विषयावर ताईंचं नाव सुचवलं गेलं. अनुमोदन झालं तशा ताई जागेवरून उठल्या. माईककडे गेल्या नाहीत, कारण माईकपर्यंत पोचायला जो वेळ जातो त्यात टाळ्या वाजतात. जागेवरूनच म्हणाल्या, “अध्यक्ष महोदय, मतदानाआधी मला दोन मिनिटं बोलायचं आहे.” परवानगी मिळाली, आणि मग त्या माईकपाशी आल्या. हा क्रम लक्षात ठेवा.

त्या जे बोलल्या ते त्यांच्याच कागदावरून देतो :

“सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि सभासद बंधू-भगिनींनो, माझं नाव सुचवल्याबद्दल आणि त्याला अनुमोदन दिल्याबद्दल दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. परंतु अध्यक्षपदासाठी माझी संमती नाही. माझं नाव विचारात घेऊ नये आणि तशी इतिवृत्तात नोंद व्हावी, ही विनंती.

कारण सांगते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत आणि संध्याकाळी सातनंतर मला घर सोडता येत नाही. आपले सगळे कार्यक्रम संध्याकाळचे. अध्यक्षानं कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असलं पाहिजे, असं मी मानते.

गेली सहा वर्षं तुम्ही मला खजिनदार म्हणून सांभाळलंत. मी पावती पुस्तकं घेऊन दारात उभी राहिले तेव्हा कुणी ‘उद्या या’ म्हणालं नाही, उलट पाणी विचारलंत. सत्तावीस फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला दरवर्षी दुपारपासून सतरंज्या घालणारी आणि रात्री अकराला त्या झटकून गुंडाळणारी मंडळी इथे मागच्या रांगेत बसली आहेत. त्यांची नावं कुठल्याच निमंत्रणपत्रिकेवर नसतात. या मंडळाकडून मला जे मिळालं ते बहुतेक त्यांच्याकडून मिळालं.

कार्यकारिणीत आणि हिशेबाच्या कामात मी आहे, सभेची इच्छा असेल तर. नवे अध्यक्ष जे होतील त्यांना पहिल्या महिन्यात सगळे हिशेब समजावून देईन. धन्यवाद.”

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आता यात काय कुठे आहे ते पाहू.

आभार पहिले, पण एकाच वाक्यात, आणि लगेच नकार. बहुतेकांची चूक इथे होते. आधी पाच मिनिटं मंडळाचा इतिहास, मग आपली सुरुवात कशी झाली, मग आठवणी, आणि नकार शेवटी. ऐकणाऱ्याला तोपर्यंत हे स्वीकृतीचं भाषण वाटू लागतं आणि शेवटच्या “पण”ला सभागृह तयार नसतं. वसंत व्याख्यानमालेत गोदाकाठी बसून भाषणं ऐकायची सवय असलेलं आपलं गाव. वक्ता रंगात आला की आपण मान डोलावू लागतो, आणि डोलावलेली मान सभेत संमती म्हणून मोजली जाते.

नकाराच्या वाक्यात “संमती नाही” हे शब्द हवेत. “शक्य होईल असं वाटत नाही”, “मला जरा वेळ द्या”, “माझ्यापेक्षा योग्य माणसं आहेत” यांपैकी काहीही चालत नाही. पहिल्यात शंका आहे, दुसऱ्यात अर्धा होकार आहे आणि तिसऱ्याला कुणीतरी “तुमच्यापेक्षा योग्य कोण?” असं विचारतंच. आपली लायकी हा विषय काढूच नका. तुम्ही स्वतःला कमी म्हटलं की समोरच्यांना तुमची स्तुती करणं भाग पडतं, आणि स्तुती झाल्यावर नाही म्हणणं अवघड जातं. माझं तीन वर्षांचं अध्यक्षपद याच वाटेनं आलं होतं.

“इतिवृत्तात नोंद व्हावी” हे कार्यवाहासाठी आहे. ते ऐकलं की आमचा पेन चालतो. नाहीतर आम्हीही टाळ्याच वाजवत असतो.

कारण एकच द्या. दोन दिलीत तर सभा त्यातलं कच्चं निवडते आणि त्यावर तोडगा काढते. “तब्येत बरी नसते आणि वेळही मिळत नाही” म्हटलं की लगेच “वेळाचं आम्ही बघू, सगळं काम आम्ही करू, तुम्ही फक्त नाव द्या.” आणि नाव द्यायचं म्हणजे काय, हे बँकेत सही लागली की कळतं. कारण खरं हवं, हे सांगायला नकोच. खोटं कारण दिलंत आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंडळाच्या व्यासपीठावर दिसलात, तर नाशिक एवढं मोठं नाही. खरं कारण सांगण्यासारखं नसेल तर “वैयक्तिक कारण आहे, त्याबद्दल इथे बोलत नाही” एवढं सरळ सांगा. लोक ते मानतात. अर्धवट सूचक कारण मात्र चहाच्या वेळी चघळलं जातं.

कारण म्हणून मंडळातली नाराजी कधीच सांगू नका, ती खरी असली तरी. हिशेबात घोळ वाटत असेल तर हिशेबाच्या विषयावर बोलायचं, निवडणुकीच्या नाही.

ताईंच्या भाषणातला सगळ्यात चांगला भाग आभाराचा होता, आणि त्यावर मी जरा थांबतो. आभाराचं भाषण म्हटलं की आपण यादी करतो : अमुक साहेब, तमुक वहिनी, आणि “कुणाचं नाव राहिलं असेल तर क्षमस्व.” राहिलेल्या माणसाला ते क्षमस्व पुरत नाही. शिवाय सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन हा वेगळा विषय असतो आणि तो कुणाला तरी दिलेला असतो, त्याची यादी तुम्ही आधीच वाचली तर त्याच्याकडे काय उरलं? ताईंनी नावं घेतली नाहीत, कामं घेतली. सतरंज्या झटकणाऱ्यांना कळलं की हे आपल्याबद्दल आहे. मागच्या रांगेत एक जण शेजाऱ्याला कोपरानं ढोसताना मी पाहिला. तुमच्या मंडळातलं असं काम शोधायचं असेल तर मागचे बारा महिने आठवा आणि कार्यक्रम संपल्यावर दिवे कोण बंद करतं हे स्वतःला विचारा. सूचक आणि अनुमोदक यांचे आभार मात्र मानलेच पाहिजेत, कारण त्यांचा शब्द तुम्ही सर्वांसमोर परत करत आहात.

शेवटी, आपण काय करणार ते मोजकं सांगावं. “मी नेहमीच मंडळाबरोबर आहे” या वाक्याचा उपयोग नाही. “पहिल्या महिन्यात हिशेब समजावून देईन” याला मुदत आहे, मर्यादा आहे. जेवढं खरंच कराल तेवढंच बोला, कारण तेही इतिवृत्तात जातं. काहीच करणार नसाल तर तो परिच्छेद गाळा.

आग्रह झाला तर

होणारच. ताई बसण्याआधीच तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “मग कार्यक्रम सकाळी ठेवू की!” हशा पिकला. ही जागा सगळ्यात धोक्याची आहे, कारण हसताना माणूस सैल होतो. ताईही हसल्या आणि म्हणाल्या, “काका, कार्यक्रम मंडळाच्या सोयीनं ठरावेत, माझ्या नाही. मी नाव मागे घेतलेलं आहे.” आणि खाली बसल्या.

दुसऱ्यांदा नकार देताना नवं कारण द्यायचं नाही, पहिलं कारण समजावूनही सांगायचं नाही. एक वाक्य, तेही “घेतलेलं आहे” असं झालेल्या गोष्टीसारखं. आग्रह करणाऱ्याला नात्यानं हाक मारलीत तर त्या वाक्याची धार कमी होते : काका, वहिनी, सर, जे रोज म्हणता तेच. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर त्याला उत्तर देऊ नका, सभेच्या अध्यक्षांकडे पाहून “पुढची नावं मागवावीत” एवढंच म्हणा. सभा चालवणं त्यांचं काम आहे, आणि बरेचदा त्यांनाही सुटका हवी असते.

एक प्रसंग वेगळा. समजा दुसरं नावच आलं नाही, सभागृह गप्प बसलं. ही शांतता फार जड असते आणि ती मोडायला तुमच्या तोंडून “बरं, एक वर्ष बघतो” निघायची शक्यता असते. बसून राहा, पाणी प्या. अशा वेळी काय करायचं हे बहुतेक घटनांत लिहिलेलं असतं : जुनी कार्यकारिणी काही काळ काम पाहते, किंवा निवडणुकीपुरती सभा तहकूब होते. मंडळ त्या दिवशी बंद पडत नाही. आमच्याकडे ती शांतता मिनिटभर टिकली असेल. मग ज्यांना मी आधी विचारून ठेवलं होतं त्यांचं नाव दुसऱ्याच कुणीतरी सुचवलं. ताईंनी अनुमोदन दिलं नाही. त्यांची इच्छा होती, पण मला वाटतं थांबल्या ते बरं झालं. नाकारणाऱ्यानं लगेच पुढच्याला हात दिला की ते आधी ठरवल्यासारखं दिसतं. हात वर करून मत मात्र दिलं.

सभेनंतर

त्याच संध्याकाळी, किंवा उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी, कार्यवाहांना चार ओळींचं पत्र द्या : अमुक तारखेच्या सभेत माझं नाव सुचवलं गेलं, मी मतदानाआधी संमती नाकारली, कार्यकारिणीत काम करण्यास तयार आहे किंवा नाही. खाली सही आणि तारीख. एक प्रत स्वतःकडे ठेवा. कार्यवाह बदलतात, वह्या हरवतात.

सूचकांना फोन करा, तो पत्राआधी केलात तरी चालेल. ते ज्येष्ठ सभासद ताईंवर थोडे रुसले होते. ताई दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे चिवडा घेऊन गेल्या, आणि मला कळलेल्या बातमीनुसार तासभर अध्यक्षपदाबद्दल एक शब्दही निघाला नाही.

इतिवृत्ताचा मसुदा तयार झाला की वाचायला मागा. त्यात “यांनी नम्रपणे असमर्थता व्यक्त केली” असं काही सुंदर लिहिलेलं असेल तर बदलून घ्या. मीही पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं. ताईंनी लाल पेननं काट मारून वर लिहिलं : “यांनी मतदानापूर्वी संमती नाकारली व नाव मागे घेतले.” पुढच्या वर्षीच्या सभेत पहिल्याच विषयाला ते वाक्य वाचलं गेलं आणि कायम झालं.